हळूहळू की एकदम

कागदावर दोन चित्रं आहेत, दोन्ही एकाच माणसाने काढलेली. ओपीडीत दृष्टीची तक्रार आली की मी कोरा कागद आणि पेन पुढे करतो, कारण 'डोळ्यापुढं अंधारी आली' या एका वाक्यात सोलापुरात चक्कर, मायग्रेन, साखर कमी होणं आणि पक्षाघाताचा इशारा असं सगळं बसतं.

माणूस छप्पन्न वर्षांचा, यंत्रमागावर टॉवेल विणणारा. तंबाखू जुनी, बीपीच्या गोळ्या आठवण आली तर. मायग्रेन तिशीपासून. पहिलं चित्र त्या मायग्रेनचं: नजरेच्या मधोमध एक चमकणारा ठिपका, मग त्याची करवतीच्या दातांसारखी वाकडी रेघ, ती वाढत वाढत उजव्या कडेपर्यंत जाते आणि तिच्या मागे मधला भाग पुसट होतो. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं विरतं आणि मग डोकं ठणकायला लागतं. डोकेदुखीच्या आधीचा हा इशारा, म्हणजे ऑरा, पुस्तकात असतो तसाच. मेंदूच्या मागच्या भागात, पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने एक लाट सरकते, म्हणून रेघही सरकते. ऑराचं प्रत्येक लक्षण पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतं, आणि दृष्टीनंतर हाताला मुंग्या आल्या तर त्याही बोटांकडून तोंडाकडे सावकाश चढतात.

दुसऱ्या चित्रात फक्त एक वर्तुळ होतं, पेनाने गिरवून पूर्ण काळं केलेलं.

"साहेब, हे ते नव्हं," तो म्हणाला. "पडदा पडल्यागत वरून खाली आलं. कांडी संपायच्या आत गेलं पण."

धोट्यातली कांडी त्याच्या मागावर चारेक मिनिटं चालते. मिनिटांचा हिशोब इतक्या खात्रीने सांगणारे पेशंट क्वचित भेटतात. मी विचारलं, "काका, तेव्हा एक डोळा झाकून पाहिला होता का?" पाहिला होता. डावा झाकला तर सगळं स्वच्छ, उजवा झाकला तर काळोख. म्हणजे बिघाड फक्त डाव्या डोळ्यात. मायग्रेनच्या रेघेचं तसं नसतं. ती कुठलाही डोळा झाकला तरी दिसते, कारण ती डोळ्यात नसून मेंदूत असते. लोक मात्र 'उजव्या डोळ्याला दिसतं' असंच सांगतात, आणि आपणही तसंच लिहून घेतो.

हे चार दिवसांपूर्वी घडलं होतं. त्याच दिवशी तो एका दवाखान्यात गेला, तिथे सीटी झालं, नॉर्मल आलं, आणि जुना मायग्रेन म्हणून वेदनाशामक देऊन घरी पाठवलं. याचा मला राग येतो. रक्तपुरवठा काही मिनिटं अडून पुन्हा सुरू झाला तर साध्या सीटीत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सीटी रक्तस्राव दाखवतं, टीआयए, म्हणजे असा थोड्या वेळाचा झटका, नाकारत नाही. आणि अशा झटक्यानंतर मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सर्वात जास्त असतो. ते दोन दिवस त्याने मागासमोर काढले.

मनात घोळतं ते हे, की दोन्ही वेळा पहिला प्रश्न 'किती वेळ?' असाच विचारला गेला, मीसुद्धा तोच विचारला. पण वेळ एकटी फसवते. टीआयए बहुधा तासाच्या आत संपतो, ऑराही तासाच्या आत. पंधरा मिनिटं म्हटलं तर दोन्ही बसतात. खरा फरक सुरुवातीत असतो. ऑरा पाच मिनिटं किंवा जास्त घेत पसरतो आणि बहुधा काहीतरी 'जास्तीचं' दाखवतो: चमक, रेघा, मुंग्या. रक्त अडतं तेव्हा एका क्षणात काहीतरी जातं: नजर, हाताची ताकद, शब्द. दोन-तीन गोष्टी गेल्या तर त्या एकदमच जातात. डोकेदुखीवर मात्र भिस्त ठेवू नये. ऑरा डोकेदुखीशिवायही येतो, आणि पक्षाघातात डोकं दुखूही शकतं.

त्याच दिवशी मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर केला. डावी कॅरोटिड सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद होती. डाव्या डोळ्याचं रक्त तिथूनच येतं. एमआरआयमध्ये ताजी इजा नव्हती, ईसीजी नियमित होता. या वयात एका डोळ्याची नजर गेली की कानशिलाजवळच्या धमनीची सूजही पाहावी लागते, म्हणून ईएसआर केला. तोही ठीक होता. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन सुरू करून पुण्याला पाठवलं. अशा रक्तवाहिनीचं ऑपरेशन दोन आठवड्यांच्या आत झालं तरच त्याचा पुरेपूर फायदा मिळतो. चार दिवस आधीच गेले होते. ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं.

त्याचं मायग्रेन अजून आहे. नसा आवळणाऱ्या ट्रिप्टानच्या गोळ्या त्याला आता कायमच्या बंद. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला: "साहेब, रेघ आली होती. मधून निघून कडेला गेली, पाच कांड्या लागल्या." डोळे एकेक झाकून पाहिले का, हे मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं, दोन्हीकडे दिसत होती.