कावीळ, लघुप्रबंध आणि मुदतवाढीचा अर्ज

"तुझे डोळे बघितलेस का आरशात?" असं मेसच्या काकूंनी विचारलं तो दिवस १६ मार्च. आठवडाभर ताप आणि मळमळ होती, मी ती पित्तावर ढकलत होते. संध्याकाळी रिपोर्ट आला: बिलिरुबिन ९.२. ते साधारण १ च्या आसपास असायला हवं. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ. याला वेगळं असं औषध नाही, विश्रांती घ्यायची, असं डॉक्टर म्हणाले. (गावाकडून काविळीवर मुळी देणाऱ्या तीन वेगवेगळ्या लोकांचे पत्ते आले, ते मी वहीत लिहून तिथेच ठेवले.)

एम.ए. समाजशास्त्राचा माझा लघुप्रबंध १५ एप्रिलला द्यायचा होता. विषय मजूर अड्ड्यावरचे बांधकाम कामगार. मुलाखती सगळ्या झालेल्या, पण नऊ मुलाखतींचं रेकॉर्डिंग अजून कागदावर उतरायचं होतं आणि चौथं प्रकरण कोरं होतं.

अंथरुणात पडल्या पडल्या गाइड मॅडमना पहिलं पत्र लिहिलं. दोन पानं. त्यात उलट्या, रडणं, आईची काळजी, सगळं होतं आणि शेवटी "कृपया थोडे दिवस वाढवून द्यावेत." पाठवण्याआधी पीएच.डी. करणाऱ्या एका ताईला दाखवलं. ती म्हणाली, "मॅडमच्या हातात मुदत नाहीये गं. त्या शिफारस करणार, निर्णय विभागप्रमुखांचा. हेच पत्र त्यांना पुढे पाठवता येईल असं लिही. आणि थोडे दिवस म्हणजे किती?"

किती, ते मला खरंच माहीत नव्हतं. मग हिशोब मांडला. एक मुलाखत साधारण ४० मिनिटांची, ती ऐकून उतरवायला मला चार तास लागतात. नऊ मुलाखती म्हणजे ३६ तास. ३ एप्रिलपासून घरी बसून काम करायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण दिवसाला तीन तासांच्या वर माझ्याच्याने बसवलं नसतं. म्हणजे बारा दिवस. प्रकरण लिहायला आठ, मॅडमच्या वाचनाला पाच, दुरुस्तीला तीन, छपाई-बाइंडिंगला दोन. २ मे. त्यात १ मेची सुट्टी येते हे ताईनेच दाखवलं, म्हणून ४ मे धरली.

२८ मार्चला गेलेला अर्ज असा:

"माननीय मॅडम यांस,
विषय: लघुप्रबंध सादर करण्यास ४ मेपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत.
महोदया,
मला १६ मार्च रोजी कावीळ झाल्याचे निदान झाले असून डॉक्टरांनी २ एप्रिलपर्यंत पूर्ण विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र व तपासणीचे अहवाल सोबत जोडले आहेत. पहिली तीन प्रकरणे पूर्ण असून ती आपण तपासलेली आहेत. नऊ मुलाखतींचे लेखन, चौथे प्रकरण व निष्कर्ष बाकी आहेत. ३ एप्रिलनंतर मी दिवसाला सुमारे तीन तास काम करू शकेन. त्यानुसार कामाचे वेळापत्रक मागील पानावर दिले आहे. मुदतवाढ शक्य नसल्यास काय करावे, याबाबतही मार्गदर्शन करावे, ही विनंती.
आपली विद्यार्थिनी"

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी आला. अर्जाबद्दल एक शब्द नाही, थेट प्रमाणपत्रावर. "यावर विश्रांती २ एप्रिलपर्यंत. तुझी मुदत १५ एप्रिलला संपते. मधले तेरा दिवस तू बरी होतीस, असंच ऑफिस म्हणणार." मी पाहिलंच नव्हतं. आजाराच्या तारखा कागदावर होत्या, आजारानंतरचा अशक्तपणा कुठेच नव्हता. फेरतपासणीला गेले तेव्हा बिलिरुबिन ३.१ वर उतरलं होतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नव्या प्रमाणपत्रावर "३० एप्रिलपर्यंत मर्यादित श्रम" असं लिहून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक टाकला. मी सांगितलं म्हणून नव्हे, खरंच तसं होतं म्हणून. फक्त आधी विचारायचं सुचलं नव्हतं.

४ मे मिळाली नाही. तोंडी परीक्षेसाठी बाहेरच्या परीक्षकांची तारीख ८ मे ठरलेली होती आणि त्यांना प्रत आठवडाभर आधी हवी होती. विभागप्रमुखांनी ३० एप्रिल दिली. माझं वेळापत्रक चार दिवसांनी आखूड झालं. मॅडमनीच तोड काढली: "चौथं प्रकरण पूर्ण होण्याची वाट बघू नकोस, पाच-पाच पानं पाठवत जा." वाचनाचे वेगळे पाच दिवस त्यामुळे वाचले.

२९ एप्रिलला बाइंडिंगच्या दुकानातून तीन प्रती घेतल्या. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, ऋणनिर्देशात त्या ताईचं नाव राहिलंय. पेनाने लिहिलं, तिन्ही प्रतींत.