स्क्रीनशॉट की स्कॅन: खासबागेतल्या एका जुन्या फोटोची तुलना

आमच्या पेठेतल्या तालमीच्या स्मरणिकेसाठी खासबाग मैदानातल्या एका कुस्तीचा फोटो हवा होता. तो दोन रूपांत मिळाला. एक म्हणजे जुन्या स्मरणिकेत छापलेला, ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच. तो मी ६०० डीपीआयला स्कॅन केला, तेव्हा २४०० × १८०० पिक्सेलची टिफ फाईल झाली. दुसरा म्हणजे तालमीच्या ग्रुपवरचा फोटो उघडून कुणीतरी काढलेला पीएनजी स्क्रीनशॉट. वरखालच्या काळ्या पट्ट्या काढल्यावर त्यात फोटो उरला १०८० पिक्सेल रुंद. प्रेसवाले म्हणाले, "मोठी फाईल कुठली हाय? तीच द्या की." मला ते पटेना, कारण फाईल मोठी असली म्हणजे तिच्यात फोटोचा तपशीलही जास्त असतो असं नाही.

तुलना करायची तर मोजमाप एकच हवं. स्क्रीनशॉटमध्ये डावीकडचा हलगीवाला कापला गेला होता, त्यामुळे पूर्ण रुंदीची तुलना निरुपयोगी होती. दोन्हींत स्पष्ट दिसणाऱ्या दोन खुणा निवडल्या: एका बाजूचा विजेचा खांब आणि दुसऱ्या बाजूचा पायऱ्यांचा कोपरा. हे अंतर स्कॅनमध्ये १६०० पिक्सेल भरलं, स्क्रीनशॉटमध्ये ८००. म्हणजे वरवर पाहता स्कॅन दुप्पट सरस.

मग छापील फोटो भिंगाखाली धरला. छपाईत करडा रंग लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांच्या जाळीतून तयार होतो. काळ्या शाईची ही जाळी बहुधा ४५ अंशांत तिरकी असते, म्हणून पट्टीही तिरकी ठेवून ठिपके मोजले. अर्ध्या सेंटिमीटरला २० आले, म्हणजे इंचाला साधारण १००. प्रेसमध्ये याला १०० लाईनचा स्क्रीन म्हणतात. ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये अशा दोन ठिपक्यांतलं अंतर ६ पिक्सेल पडतं. खांबापासून कोपऱ्यापर्यंतचे १६०० पिक्सेल म्हणजे जेमतेम २६७ ठिपके. बाकीच्या पिक्सेलांनी फक्त ठिपक्यांचा आकार टिपलाय, पैलवानांचा नाही.

स्क्रीनशॉटही तपासावा लागतोच. पीएनजीत काही गळत नाही हे खरं, पण आधीच खराब झालेला फोटो तो तसाच जपून ठेवतो. मातीच्या सपाट भागाचा कॉन्ट्रास्ट खूप वाढवून मोठं करून पाहिलं, तर पुसट चौकोन दिसले. जेपीईजीत फोटो दाबताना पडणारे हे चौकोन मूळ फाईलमध्ये ८ पिक्सेलचे असतात, इथे ते १२ भरले. म्हणजे फोनने फोटो पडद्याभर बसवायला दीडपट ताणला होता. मूळ रुंदी ७२०, आणि आपल्या दोन खुणांमधलं खरं अंतर ५३३ पिक्सेल. आता पारडं फिरलं: एकीकडे २६७, दुसरीकडे ५३३.

तरी हे गणितच झालं, डोळ्यांना दाखवायला हवं होतं. लहान फोटो फुगवला तर संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, म्हणून दोन्ही लहान करून खुणांमधलं अंतर ५३३ पिक्सेलवर आणलं. स्कॅन आधी सरळ केला, दोन्हींचा नेमका तोच भाग कापला आणि मग:

```
magick scan.tif -colorspace Gray -gaussian-blur 0x3 -resize 33.333% a.png
magick shot.png -colorspace Gray -resize 66.667% b.png
```

ब्लर आधी आणि लहान करणं नंतर, हा क्रम महत्त्वाचा. जाळी न पुसता फोटो लहान केला, तर त्यावर लाटांसारखे पट्टे उमटू शकतात आणि स्कॅन विनाकारण वाईट दिसतो. पण ब्लरने स्कॅनवर थोडा अन्याय होतो हेही खरं. फेट्याच्या कडेसारख्या ठळक काळ्या-पांढऱ्या रेषेवर जाळी ठिपक्याहून बारीक तपशील धरते, आणि तो यात पुसला जातो. म्हणून ब्लर कमी करून, `0x3` ऐवजी `0x2` देऊनही पाहिलं. कडा किंचित सुधारल्या, पण ठिपके पुन्हा डोकावू लागले.

उजेडाचा फरकही मिटवला. जुना कागद पिवळा पडलेला आणि शाई विटलेली, त्यामुळे स्क्रीनशॉट नुसत्या कॉन्ट्रास्टवर सरस वाटत होता. दोन्हींत तोच पांढरा फेटा आणि तीच दाराची काळोखी जागा धरून लेव्हल्स जुळवल्या.

फायलींना क आणि ख नावं देऊन वस्तादांना शेजारी शेजारी दाखवल्या. कुठली कशाची ते सांगितलं नाही. ते लगेच म्हणाले, "ह्यात पंचांचं तोंड वळखू येतंय, त्यात नुस्ता डाग हाय." तोंड ओळखू आलं ते स्क्रीनशॉटमध्ये. मातीचा पोत मात्र स्कॅनमध्ये बरा होता, कारण जेपीईजीने तिथले बारीक फरक सपाट करून टाकले होते.

प्रेसला ३०० डीपीआय लागतं, आणि ७२० पिक्सेल त्या हिशेबाने २.४ इंच होतात. म्हणून स्क्रीनशॉटच दिला, पण अर्ध्या पानाऐवजी एका कॉलमात. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या दादांना मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलंय. ती आली, तर हलगीवाल्यासकट फोटो अर्ध्या पानावर घेता येईल.