समई आणि ताम्हण एकाच चौकोनात : उत्पादन छायाचित्रांच्या मार्जिनचा माझा अनुभव

दादरमधील तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानासाठी ऑनलाइन विक्रीची छायाचित्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा प्रकाशयोजना आणि पितळेवरचे प्रतिबिंब हाच कठीण भाग ठरेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात सर्वाधिक विचार करावा लागला तो चौकोनी क्रॉप करताना वस्तूभोवती किती मोकळी जागा ठेवायची, याचा. कारण तेच चित्र ग्राहक आधी यादीत बोटभर थंबनेल म्हणून पाहतो आणि नंतर झूम करून त्याच्यावरची नक्षी तपासतो. या दोन्ही ठिकाणी मार्जिनचे काम वेगवेगळे असते.

सुरुवात मी अमेझॉनच्या नियमापासून केली. मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५ असावे, वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा आणि झूम चालण्यासाठी चित्राची लांब बाजू किमान १००० पिक्सेल असावी, असा तो नियम आहे. हे ८५ टक्के क्षेत्रफळाचे धरले, तर उंच समईला ते कधीच गाठता येणार नाहीत. म्हणून व्यवहारात वस्तूची सर्वांत लांब बाजू मोजली जाते. मी २००० पिक्सेलचा चौकोन ठरवला आणि प्रत्येक वस्तूची लांब बाजू १७०० पिक्सेल ठेवली. म्हणजे दोन्ही टोकांना दीडशे-दीडशे पिक्सेल, अर्थात साडेसात टक्के, जागा राहिली.

या मापाची थंबनेल फोनवर दोन रांगांत मांडून मी दुकानाच्या मालकीणबाईंना दाखवली. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, ताम्हणाशेजारी ही समई खेळण्यातली वाटते. दुकानात तर ती सगळ्यांत आधी नजरेत भरते." त्यांचे म्हणणे पिक्सेल मोजल्यावर अगदी स्पष्ट झाले. गोल ताम्हणाचा व्यास १७०० पिक्सेल असला की ते चौकोनाचा सुमारे ५७ टक्के भाग भरते, पण तितक्याच उंचीच्या त्या समईची बैठक, खांब, दिव्याची वाटी आणि वरचा हंस मिळून जेमतेम सात टक्के भाग भरत होता. लांब बाजू सारखी असली, तरी डोळा वस्तूचा आकार तिने व्यापलेल्या जागेवरूनही ठरवतो. त्यामुळे सगळ्या वस्तूंना एकच मार्जिन देणे न्याय्य नाही, हे मला पटले.

मग समई किती मोठी करता येईल? मी लांब बाजू आधी ९० आणि नंतर ९६ टक्के करून पाहिली. ८५ वरून ९० वर गेल्याने व्यापलेली जागा सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, तर ९६ वर गेल्याने जवळजवळ २८ टक्क्यांनी. अर्थात सातच्या जागी नऊ टक्के झाले, तरी ताम्हणाची बरोबरी होणे शक्यच नाही. मार्जिनने तफावत कमी होते, नाहीशी होत नाही. शिवाय पांढऱ्या थंबनेलला कडा दिसत नाहीत, त्यामुळे वरच्या चित्राची खालची मोकळी जागा आणि खालच्या चित्राची वरची मोकळी जागा डोळ्याला एकच वाटते. ९६ टक्क्यांवर खालच्या समईचा हंस वरच्या समईच्या बैठकीला जवळजवळ टेकलेला दिसत होता, आणि यादी गर्दीची वाटू लागली.

निर्णय मात्र झूमने केला. मार्जिन कमी केले की झूममध्ये तपशील खूप वाढेल, असा एक समज आहे. समईची उंची १७०० ऐवजी १८०० पिक्सेल झाली, तर फायदा सहा टक्क्यांचाच होतो. नक्षी स्पष्ट दिसणे हे मूळ फोटोच्या रेझोल्यूशनवर आणि फोकसवर अधिक अवलंबून असते. मार्जिनचा खरा प्रश्न टोकांशी येतो. झूमच्या खिडकीत चित्राच्या उंचीचा पाव भाग दिसतो असे धरू. बहुतेक झूम चित्राच्या कडेपाशी थांबतात, त्यापलीकडे चित्र सरकत नाही. वर दोनच टक्के जागा असेल, तर हंसाची चोच खिडकीच्या वरच्या कडेपासून आठ टक्क्यांवर, जवळजवळ चिकटलेली दिसते, आणि ग्राहकाने कितीही ओढले तरी ती खाली येत नाही. पाच टक्के जागा ठेवली, तर तीच चोच वीस टक्क्यांवर येते आणि हंस मोकळेपणाने पाहता येतो. समईत कारागिराचा हात नेमका या टोकावर कळतो, त्यामुळे तिथे तडजोड करणे मला मान्य नव्हते. मी समईसाठी ९० टक्के पक्के केले, ताम्हण ८५ वरच ठेवले आणि पोटाशी रुंद असलेल्या तांब्याला ८७ दिले.

क्रॉपचे काम मी ImageMagick या प्रोग्रामच्या या आज्ञेने करते :

```
magick samai.tif -fuzz 3% -trim +repage \
  -resize 1800x1800 -gravity center \
  -background white -extent 2000x2000 samai.jpg
```

यात आधी भोवतालचा पांढरा आणि -fuzz ने दिलेल्या तीन टक्क्यांच्या सवलतीत बसणारा जवळजवळ पांढरा भाग कापला जातो, मग वस्तू १८०० पिक्सेलमध्ये बसवली जाते आणि शेवटी २००० चा पांढरा चौकोन पुरा केला जातो. ताम्हणासाठी १८०० च्या जागी १७०० आणि तांब्यासाठी १७४० लिहावे.

इथे सावलीकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते. बैठकीच्या पायथ्याची मऊ सावली २४५ च्या आसपास असेल, तर तीन टक्क्यांच्या सवलतीत ती वस्तूचाच भाग मानली जाते. सावली खालच्या बाजूला पसरलेली असल्याने समई लहान होते आणि वर सरकते. ही सवलत आठ टक्के केल्यावर अशी फिकट सावली मोजमापातून वगळली जाते, पण त्याच वेळी ती कडेला कापली जाऊन पायथ्याशी सरळ रेघ दिसू शकते. म्हणून सावली असलेल्या चित्रांत मी वस्तूचे माप हाताने घेते आणि सावलीला खालच्या मार्जिनमध्ये पसरू देते. खाली पाच टक्के जागा असली की ती पुरेशी ठरते.

दुसरी तपासणी पार्श्वभूमीची. माझ्या उभ्या फ्रेमची रुंदी ४००० पिक्सेल होती आणि समईची उंची ४२००, त्यामुळे ९० टक्क्यांसाठी सुमारे ४६६७ पिक्सेलचा चौकोन लागत होता. बाजूंची उरलेली जागा पांढऱ्या रंगानेच भरावी लागते. मूळ पार्श्वभूमी २५५ ऐवजी २५१ असेल, तर साध्या नजरेला फरक जाणवत नाही, पण चांगल्या पडद्यावर समईभोवती फिकट चौकट उमटते. लेव्हल्समध्ये काळा स्लायडर २४० पर्यंत आणला की ती चौकट ठळक दिसते. निर्यात करण्यापूर्वी प्रत्येक चित्रावर मी हे करून पाहते.

समईच्या जोडीचा विचार शेवटी वेगळा करावा लागला. दोन समया शेजारी ठेवल्या की आकृती रुंद होते, चौकोन बराच भरतो आणि ९० टक्क्यांवर ती शेजारच्या एकट्या समईपेक्षा फारच मोठी दिसते. जोडीला मी ८७ टक्के दिले आणि दोन समयांमधील अंतर फोटो काढतानाच कमी ठेवले, कारण ते अंतर क्रॉपमध्ये बदलता येत नाही.