३ग म्हणजे नक्की काय? भाषांतरित भूसंपादन नोटिशीतली लघुरूपं सोडवताना

महामार्गासाठी जमीन जाणार असल्याची मराठी नोटीस गावात येते आणि कोणीतरी ती 'जरा समजेल अशी' करून मागतं. मला हे काम करावं लागतं, आणि दर वेळी डोकं फिरतं ते एकाच जागी. नोटिशीत लिहिलेलं असतं, 'राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ चे कलम ३ग अन्वये'. त्यावर खुलासा नाही, लघुरूपांची यादी नाही. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळतं, "कायद्यात आहे तेच लिहिलंय."

आपल्याकडे कूळकायद्याचं ३२ग आणि ३२म ऐकत माणसं मोठी झालेली आहेत. तिथला ग म्हणजे इंग्रजी G, म म्हणजे M. त्यामुळे ३ग दिसलं की वाचणारा ते 3G धरतो. 3G हे मोबदला ठरवण्याचं कलम आहे. पण केंद्राच्या राजपत्राचा हिंदी भाग A, B, C साठी क, ख, ग वापरतो. तिथे ३क म्हणजे 3A, ३ग म्हणजे 3C, ३घ म्हणजे 3D आणि मोबदल्याचं 3G हे ३छ. भाषांतर हिंदीवरून झालं असेल आणि अक्षर तसंच उचललं असेल, तर नोटिशीतलं ३ग हे 3C ठरतं, म्हणजे हरकतींचं कलम.

हा फरक नुसता अक्षराचा नाही. 3A ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्या दिवसापासून २१ दिवसांत 3C खाली हरकत द्यायची असते. हे दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजतात, वर्तमानपत्रात मजकूर आला त्या दिवसापासून नाही. हरकत कशावर घ्यायची, तर जमीन त्या कामासाठी घेण्यावर. दर कमी आहे, झाडं मोजली नाहीत, विहीर धरली नाही, हे मुद्दे 3G चे. ३ग ला 3G समजून माणूस दराचे कागद जुळवत बसतो आणि तेवढ्यात हरकतीची मुदत निघून जाते. पुढे 3D ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, मग रस्त्याच्या आखणीवर बोलायला जागाच राहत नाही.

म्हणून या एका अक्षरासाठी मी नोटीस दोनदा वाचतो. पहिल्यांदा हिंदीच्या खुणांसाठी. 'राजमार्ग', 'भाराराप्रा' (भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरण) किंवा 'का.आ.' यांपैकी काही दिसलं, तर मूळ हिंदी असण्याची शक्यता फार मोठी. कलमाच्या अक्षरांत ख, घ, ङ किंवा छ कुठेही असेल तर मालिका क-ख-ग ची आहे. ब, ड, फ असतील तर अ-ब-क-ड ची. मात्र 'राजमार्ग' नाही म्हणून ग म्हणजे G असं धरू नका. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठातही अनुच्छेद २१क म्हणजे 21A च आहे. मराठीत दोन्ही रिवाज शेजारी शेजारी नांदतात, ही खरी कटकट.

दुसऱ्यांदा वाचतो ते मजकुरासाठी. 'हरकती', 'सुनावणी', '२१ दिवस' हे शब्द असतील तर 3C. 'हितसंबंधी व्यक्तींनी दावे सादर करावेत', 'मोबदला निश्चिती' असेल तर 3G. खुणा आणि मजकूर एकाच दिशेला गेले तरी मी 'बहुधा' एवढंच लिहितो. 'निश्चित' लिहायला मूळ कागद लागतो.

तो मिळवायची वाट का.आ. मधूनच जाते. 'का.आ. अमुक(अ)' याचा विस्तार अनेक जण 'कार्यालयीन आदेश' असा करतात, आणि कंसातला अ हा परिशिष्ट 'अ' समजतात. दोन्ही चूक. का.आ. म्हणजे कानूनी आदेश, इंग्रजीतलं S.O.; आणि (अ) म्हणजे असाधारण, इंग्रजी भागातलं (E). हा क्रमांक आणि तारीख घेऊन egazette.gov.in वर अधिसूचना शोधायची. एकाच अंकात आधी हिंदी आणि मग इंग्रजी मजकूर असतो. इंग्रजीत 'section 3C' छापलेलं दिसलं की वाद मिटला. नोटिशीत का.आ. क्रमांकच नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे त्याची लेखी मागणी करावी. तोवर विस्तारासमोर 'अनिश्चित' राहू द्यावं आणि मुदत मात्र 3C ची धरून चालावं. हरकत उगाच दिली गेली तर नुकसान नाही, राहून गेली तर आहे.

बाकीची लघुरूपं एवढा छळ करत नाहीत. समजा ओळ अशी आहे: 'मौ. पिंपळगाव बु., ग.नं. ११२/२, क्षेत्र ०.४२.०० हे.आर. पैकी ०.०८.५०, पो.ख. ०.०२.००, रा.म., कि.मी. ४१+२००.' मौजे, बुद्रुक, गट नंबर, पोटखराबा यांत शंका नाही, सातबाऱ्यावर तेच आहे. हे.आर. म्हणजे हेक्टर-आर. ०.०८.५० म्हणजे आठ आर आणि पन्नास चौरस मीटर, एकूण ८५० चौरस मीटर. राजपत्रात हेच ०.०८५० हेक्टर असं येतं. दोन्हीकडचे अंक जुळवून बघा, भाषांतरात टिंब सरकलं तर क्षेत्र दहापट होतं. परदेशातल्या वारसासाठी इंग्रजी करताना हे.आर. चं 'H.R.' केलेलं मी पाहिलंय. ते वाचून कोणाला काय कळणार! ४१+२०० म्हणजे ४१ किलोमीटर २०० मीटर, बेरीज नव्हे.

रा.म. जरा फसवं आहे, कारण राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य महामार्ग दोन्ही त्यात बसतात. इथे कायद्याचं नाव बघायचं. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम असेल तर राष्ट्रीय, महाराष्ट्र महामार्ग अधिनियम असेल तर राज्याचा, आणि मग कलमांचे आकडेही वेगळे असतात. कायद्याचं नाव त्याच नोटिशीत असल्यामुळे हा विस्तार मी 'निश्चित' मध्ये टाकतो.

प्र.सं. मात्र अजून अधूनमधून अडवतं. पुढे आकडा असेल तर प्रकरण संख्या, प्रतिलिपीच्या यादीत असेल तर प्रकल्प संचालक. पण 'प्र.सं. अहवालानुसार' अशा ठिकाणी दोन्ही अर्थ चालतात. तिथे मी दोन्ही लिहितो: 'अनिश्चित: प्रकल्प संचालक किंवा प्रकरण संख्या, मूळ अहवाल पाहावा.' स.प्रा. म्हणजे सक्षम प्राधिकारी. एका भाषांतरात त्याचे 'सहायक प्राध्यापक' झालेले होते, भूसंपादन करणारे!

मांडणीचं सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. मूळ लघुरूप कधीही पुसायचं नाही. ते तसंच ठेवून शेजारी चौकोनी कंसात विस्तार द्यायचा, म्हणजे नोटिशीचे शब्द कुठले आणि आपले कुठले हे दिसतं. शेवटी तीन रकान्यांचा तक्ता: लघुरूप, विस्तार, आधार. आधाराच्या रकान्यात 'राजपत्राचा इंग्रजी भाग', 'याच नोटिशीचा दुसरा परिच्छेद', 'सातबारा' किंवा 'फक्त प्रघात' असं लिहायचं. 'फक्त प्रघात' असेल तिथे विस्ताराआधी 'बहुधा' लागलाच पाहिजे. आणि हरकतीच्या अर्जात कलम लिहिताना अक्षर आणि नाव दोन्ही द्या: 'कलम ३ग (3C), हरकतींची सुनावणी'. मग तुमचा अर्ज मोबदल्याच्या फाइलला लावायला कोणाला सबब राहत नाही.