माझा अनुभव : एकवीस हजारांचा फरक आणि बँकेचं पत्र

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बाबा टर्निंगची कामं घेतात आणि हिशेबाची बाजू गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही सीएनसी लेथ घेतलं. वाहतूक आणि फाउंडेशन धरून, पण जीएसटी वगळून, ते वीस लाखांना पडलं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो यंत्राच्या किमतीत धरत नाहीत.

वर्ष संपल्यावर कॅश क्रेडिटची, म्हणजे साठ्यावर बँकेकडून मिळणाऱ्या उचलीची, मर्यादा वाढवून घ्यायची म्हणून ताळेबंद बँकेत दिला. पंधरा दिवसांनी दोन प्रश्नांचं पत्र आलं. काम वाढलेलं दिसतंय, तर नफा कमी का? आणि मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये लोखंडाचा साठा ३,६०,००० रुपयांचा, मग ताळेबंदात ३,३९,००० कसा? मी बँकेत गेले तेव्हा तिथल्या मॅडम कागदावर बोट ठेवून कन्नडमध्ये म्हणाल्या, "लेक्क सरी इल्लरी." हिशेब बरोबर नाही, हे कानाला फार लागलं. मी कुठलाही आकडा खोटा लिहिला नव्हता.

आमचे जीएसटीचे रिटर्न भरणारे काका पत्र वाचून लगेच म्हणाले, "त्यात काय एवढं? घसारा स्थिर हप्त्याने लाव आणि साठा फिफोने धर. नफाही वर येईल आणि दोन्ही आकडेही जुळतील."

मी घरी येऊन वही उघडली. घसारा म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायची रक्कम आणि फिफो ही उरलेल्या साठ्याची किंमत काढायची एक पद्धत. फिफोने साठा धरला, तर घसाऱ्याच्या आधीचा नफा ६,४०,००० येत होता. लेथचं आयुष्य दहा वर्षं आणि शेवटी दोन लाख किंमत येईल असं धरलं, तर स्थिर हप्त्याने दरवर्षी १,८०,००० घसारा पडतो. म्हणजे नफा ४,६०,०००. मी मात्र घटत्या शिल्लकीवर, म्हणजे दरवर्षी वहीत उरलेल्या किमतीवर, १५ टक्क्यांनी ३,००,००० घसारा लावला होता आणि साठा भारित सरासरीने धरला होता. त्यामुळे नफा ३,१९,००० दिसत होता. फरक १,४१,००० रुपयांचा! यंत्र तेच, माल तोच, गिऱ्हाइकाकडून आलेले पैसेही तेच. बँक खात्यात एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता.

एकवीस हजार कुठून आले ते आधी शोधलं. वर्षाच्या सुरुवातीला ईएन-८ जातीच्या पोलादाचे बार ४,००० किलो होते, साठ रुपये दराने. नंतर ६,००० किलो सहासष्टने आणि शेवटी १०,००० किलो बहात्तरने घेतले. एकूण २०,००० किलो, किंमत १३,५६,०००. म्हणजे सरासरी ६७.८० रुपये किलो. मार्चअखेर ५,००० किलो शिल्लक होते. फिफोत जुना माल आधी संपला असं धरतात, म्हणून उरलेला सगळा बहात्तरचा : ३,६०,०००. सरासरीने तोच साठा ३,३९,०००. भाव चढते असले की फिफोत स्वस्त माल खर्चात जातो, महाग माल शिल्लक राहतो आणि नफा तेवढा फुगतो.

मग स्टॉक स्टेटमेंटमध्ये ३,६०,००० कसे आले? कारण ते दर महिन्याला घाईत भरताना मी शेवटच्या बिलाचा दर लावत होते, आणि वर्षअखेरीला सरासरी. चूक तिथे होती. बँक साठ्याच्या किमतीवर पंचवीस टक्के मार्जिन सोडून उचल देते, त्यामुळे या एकवीस हजारांवर आम्हाला १५,७५० रुपये जास्त उचलता येत होते. बँकेला ते खटकणारच.

आता कुठली पद्धत धरायची? दुसऱ्या दिवशी मी बार ठेवायच्या रॅकपाशी उभी राहिले. कोल्हापूरहून टेम्पो आला की नवे बार जुन्यांवरच रचले जातात. मुलं वरचा बार उचलून करवतीला लावतात. खालचे बार तांबूस पडलेले, खडूने लिहिलेली तारीख पुसून गेलेली. प्रत्यक्षात आमच्याकडे शेवटचा आलेला माल आधी जातो! पण तशी किंमत धरायला, म्हणजे लिफोला, आपल्याकडे साठ्याच्या किमतीचे नियम सांगणाऱ्या हिशेब मानक २ मध्ये जागा नाही. तिथे अशा मालाला फिफो किंवा भारित सरासरी, दोनच वाटा आहेत. कुठला बार कुठल्या बिलाचा हे रॅककडे बघून सांगता येत नसेल, तर सरासरीच खरी, असं मला पटलं. शिवाय फिफोने आज वाढलेले एकवीस हजार कायमचे आपले नसतात. हाच साठा पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा म्हणून खर्चात येतो आणि तेवढाच नफा खाली ओढतो.

घसाऱ्यावर बाबांशी बराच वेळ बोलले. मी विचारलं, "बाबा, हे लेथ दहाही वर्षं सारखंच काम देईल का?" ते म्हणाले, "कसं देईल? पहिली चार-पाच वर्षं मायक्रॉनमध्ये काम निघतंय. मग बॉलस्क्रू ढिला होतो, स्पिंडलचं बेअरिंग बदलावं लागतं, आणि बारीक कामं दुसऱ्याकडे जातात." माझं उत्तर त्यातच होतं. घटत्या शिल्लकीत घसारा पहिल्या वर्षी तीन लाख, दुसऱ्या वर्षी २,५५,०००, तिसऱ्या वर्षी २,१६,७५० असा उतरत जातो आणि पाचव्या वर्षी स्थिर हप्त्याच्या खाली येतो. नेमका तेव्हाच दुरुस्तीचा खर्च चढू लागतो. दोन्ही मिळून यंत्राचा बोजा वर्षांवर बराचसा सारखा पडतो. शेडसारख्या गोष्टीला मी स्थिर हप्ताच लावते, कारण शेड दरवर्षी सारखीच उपयोगी पडते.

एक अडचण मात्र खरी आहे. १५ टक्क्यांनी दहा वर्षांनंतरही वहीत ३,९४,००० च्या आसपास उरतात. मोडीत तेवढे येणार नसतील, तर दर वाढवावा लागेल. दहा वर्षांत दोन लाखांवर यायचं तर तो साडेवीस टक्क्यांच्या थोडा वर निघतो. हे मी दरवर्षी तपासायचं ठरवलंय.

काकांना मी सांगितलं की पद्धत बदलायची नाही. आमची जुनी लेथंही घटत्या शिल्लकीवरच आहेत. एकाच जातीच्या यंत्रांना दोन न्याय कसे लावायचे? आणि आयकराचा घसारा कायद्यातल्या दरानेच वेगळा काढतात, त्यामुळे वहीतली पद्धत बदलून कर कमी-जास्त होत नाही. ते थोडे नाराज झाले, पण ऐकलं.

बँकेला मी दोन पानी उत्तर दिलं. पहिल्या पानावर ३,१९,००० नफ्यात ३,००,००० घसारा मिळवून ६,१९,००० दाखवले. कर्जाचे हप्ते फेडायची ताकद पाहताना बँकही घसारा परत मिळवूनच पाहते. सरासरी साठा कायम ठेवला तर स्थिर हप्त्याने नफा ४,३९,००० येतो. त्यात १,८०,००० मिळवले की पुन्हा ६,१९,०००च. दुसऱ्या पानावर मार्चचं स्टॉक स्टेटमेंट सरासरीने दुरुस्त करून जोडलं आणि आधीचा दर चुकीचा लावला होता हे स्पष्ट लिहिलं.

मॅडमनी दोन्ही पानं पेन्सिलने टिपत वाचली. मर्यादा मागितली तेवढी वाढली नाही, पण प्रस्ताव पुढे गेला. आता दर महिन्याच्या शेवटी बिलं आली की मी आधी सरासरी काढते आणि मगच स्टॉक स्टेटमेंट भरते. रॅकवरही खडूऐवजी ऑइल पेंटने तारीख लिहायला लावलीय.