आमची वाटचाल : गिट्टीच्या डंपरपासून डामरच्या रस्त्यापर्यंत

आमची फर्म इंदूरची, छोटीच. मी, माझे मेहुणे, एक सुपरवायझर आणि काम असेल तसे मजूर. बाबांचा धंदा गिट्टी-मुरूम सप्लायचा होता, दोन डंपर होते, बाकी भाड्याने. रस्ते आम्ही नंतर करायला लागलो. आणि रस्ते म्हणजे हायवे नाही हं, कारखान्याच्या आतला रस्ता, कॉलनीतली गल्ली, गोडाऊनपुढचं अंगण, शंभर-दोनशे मीटरची कामं. मोठे ठेकेदार ही कामं घेत नाहीत कारण त्यांचा पेव्हर, म्हणजे माल पसरायचं मशीन, हलवण्याचाच खर्च निघत नाही, म्हणून ती आमच्याकडे येतात.

सांगायचं आहे ते पहिल्या डामरच्या कामाबद्दल, कारण त्यात जे झालं त्यावरच आमचं सगळं हिशेबाचं शास्त्र उभं आहे.

सांवेर रोडवर एका कारखान्यात आतला रस्ता करायचा होता. १८० मीटर लांब, ५ मीटर रुंद, जुन्या डामरवर ४० एमएमचा नवा थर, बीसी म्हणजे बिटुमिनस काँक्रीट. मी हिशेब लावला, आणि मला फार अभिमान होता की कोणाला विचारावं लागलं नाही. ९०० चौरस मीटर गुणिले ०.०४, म्हणजे ३६ घनमीटर. इथपर्यंत बरोबर. मग त्याचे टन करायचे. आता आमच्या घरात लहानपणापासून एकच आकडा ऐकलेला, गिट्टीचा एक घनमीटर म्हणजे साधारण दीड टन, थोडी जास्तच, १.५५ धर असं बाबा म्हणायचे. ३६ गुणिले १.५५, आले ५५.८. मी प्लांटला ५६ टन हॉटमिक्स, म्हणजे गिट्टी-डामरचा तयार गरम माल, सांगितलं आणि झोपलो शांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी खाऊन काम सुरू, सहा डंपर आले, शेवटचा डंपर रिकामा झाला तेव्हा रस्ता १०५ मीटरवर होता. पुढे ७५ मीटर जुना रस्ता, त्यावर टॅक कोट, म्हणजे नवा थर धरून ठेवायला डामरचा पातळ हात, मारून ठेवलेला, चिकट. ड्रायव्हर टपावर टेकून म्हणतो, "भैया, माल तो खतम." मेहुणे माझ्याकडे बघतायत, मी काट्याच्या पर्च्या मोजतोय, पर्च्या बरोबर, ५६ टन आलेत. कारखान्याचे मॅनेजर आले आणि विचारलं रस्ता अर्धाच करायचा होता का. काय उत्तर देणार.

चूक कुठे होती ते मला त्या रात्री कळलं, आणि ती फार साधी होती. १.५५ हा ढिगातल्या गिट्टीचा आकडा आहे. ढिगात दगड आणि दगडाच्या मध्ये हवा, जवळजवळ निम्मी जागा हवाच. बीसीमध्ये ती हवा राहतच नाही, मोठ्या गिट्टीच्या मधल्या जागेत बारीक गिट्टी, तिच्या मधे चुरी, चुरीच्या मधे डामर, आणि वरून रोलर. शेवटी पाच-सात टक्के पोकळी उरते बस. मग ते वजन १.५५ कसं असेल. रोलर झालेला थर घनमीटरला २.३ ते २.५ टन असतो. मी ढिगाच्या वजनाने रस्ता मोजत होतो.

आणि त्यातही एक गंमत आहे जी पुस्तकातला आकडा उचलणाऱ्याला कळत नाही. बरेच जण २.३५ धरतात. तो आकडा हलक्या दगडाला ठीक आहे, ग्रॅनाइट वगैरे, ज्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या किती पट जड, २.६५ च्या आसपास. पण आमच्या माळव्यात खाणीतून निघतो तो काळा दगड, बेसाल्ट, तो २.८५ पर्यंत जातो. म्हणजे तीच जाडी, तीच पोकळी, पण थर जड. आमच्या प्लांटच्या मिक्स डिझाइनमध्ये मार्शलची घनता, म्हणजे लॅबमध्ये ठोकून केलेल्या नमुन्याची, २.५० लिहिलेली होती, साइटवर रोलरने त्याच्या ९८ टक्के मिळाली तर २.४५. मी तो कागद काम घेतल्यावर मागितलाच नव्हता, आता पहिला तोच मागतो. प्लांटवाल्याकडे तो असतोच, लाजायचं काही नाही.

तर तोच रस्ता नीट मोजू. ३६ गुणिले २.४५, म्हणजे ८८.२ टन. मी ५६ सांगितले होते!

पण ५६ टनात १०५ मीटर झाले ना, म्हणजे ५२५ चौरस मीटर. ५६ ला ५२५ ने भागलं की चौरस मीटरला १०६-१०७ किलो येतं, आणि ४० एमएमला २.४५ च्या हिशेबाने ९८ किलोच लागायला हवं. म्हणजे थर सरासरी साडेतीन एमएम जास्त जाड गेला होता. पेव्हरवाल्याला मी आधी दोष दिला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. खालचा जुना रस्ता सपाट नव्हता, ट्रकच्या चाकाच्या वाटेने तो दबलेला, आणि पेव्हर वरून सपाट करत जातो, खालचे खड्डे माल पितात. साडेतीन एमएम ऐकायला काही नाही, नखाएवढं, पण ९०० चौरस मीटरवर ते ३.१५ घनमीटर होतं, पावणेआठ टन. छोट्या कामात नफा साधारण तेवढाच असतो.

तेव्हापासून रेट द्यायच्या आधी मी स्वतः दोरी घेऊन जातो. दर दहा मीटरवर रस्त्याच्या दोन्ही कडांना दोरी ताणायची, मधे पाच ठिकाणी पट्टीने दोरीखालचं अंतर मोजायचं, रस्त्याला मधे उतारासाठी जो फुगवटा द्यायचा तो त्यात मिळवायचा, आणि सगळ्यांची सरासरी. ती जाडी मी कोटेशनमध्ये वेगळी लिहितो, लेव्हलिंग म्हणून. पार्टी विचारते हे कशाला, तर मी दोरी परत ताणून दाखवतो. मात्र सरासरी पंधरा-वीस एमएमच्या वर गेली की ४० मधे ती मिसळायची नाही, आधी लेव्हलिंगचा वेगळा थर मारायचा, नाहीतर खड्ड्यात माल जाड, आजूबाजूला पातळ, रोलर दोन्हीकडे सारखा दबत नाही आणि पावसाळ्यानंतर तेच खड्डे परत दिसतात.

तर ८८.२ अधिक ७.७, झाले ९५.९, त्यात डंपरला चिकटणं, कडेला सांडणं, शेवटचं थंड झालेलं फेकणं असं दोन टक्के, म्हणजे ९८ टन. हा खरा आकडा.

आता त्यात डामर किती. इथे दुसऱ्या कामात फसलो. टक्के हे पूर्ण मिक्सच्या वजनावर असतात, गिट्टीच्या नाही. त्या कामात प्लांटवर जॉबवर्क होतं, डामर आम्ही घेऊन द्यायचं होतं, आणि मेहुण्यांनी गिट्टीचं वजन काढून त्यावर टक्के लावले. वरच्याच रस्त्याचा आकडा घेऊन बघा. मिक्स ९८ टन, डामर ५.१ टक्के, म्हणजे ५ टन. उरली गिट्टी-चुरी-फिलर मिळून ९३ टन. ९३ वर ५.१ टक्के लावलं तर ४.७४ टन येतं. अडीचशे किलोची ओढ! असं मिक्स दिसायला काळं नसतं, भुरकट दिसतं, हातात घेऊन दाबलं तर चिकटत नाही, आणि पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला सुटी गिट्टी जमायला लागते. आमच्या दुसऱ्या रस्त्यावर जमली. झाडूवाल्याने ढीग करून ठेवला होता, तो ढीग बघून मला कळलं.

आणि ५.१ का, ५.४ का नाही, यावरून एकदा पार्टीच्या इंजिनिअरशी चांगलाच वाद झाला. ते सरळ म्हणाले तुम्ही डामर खाल्लं. मोर्थच्या, म्हणजे केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या, स्पेसिफिकेशनमध्ये या १३ एमएम गिट्टीच्या बीसीला कमीत कमी ५.४ टक्के लिहिलंय हे खरं, पण तिथेच खाली टीप आहे की हा आकडा २.७ ग्रॅव्हिटीच्या दगडासाठी, दगड जड असेल तर त्या प्रमाणात कमी चालेल. ५.४ गुणिले २.७ भागिले २.८५, आले ५.१. कारण डामर जागा भरतं, वजन बघत नाही. मी त्यांना कागदावर दोन ओळी मांडून दिल्या, हलका दगड, २.३५ ची घनता आणि ५.४ टक्के धरलं तर ८४.६ टनात ४.५७ टन डामर, आमचा काळा दगड आणि ५.१ धरलं तर ८८.२ टनात ४.५० टन. रस्त्यात डामर जवळपास तेवढंच, वाढली ती गिट्टी. ते मानले, पण म्हणाले दगडाची टेस्ट लावा सोबत, आणि ते बरोबरच होतं, टेस्टशिवाय ५.१ लिहिणं म्हणजे चोरीच. दगड २.७ चा असेल तर ५.४ च द्यायचं.

९३ टनात काय काय, हे प्लांटचं डिझाइन ठरवतं, पण नवख्या माणसाला धक्का बसतो की त्यात चाळीसेक टक्के तर चुरीच असते. ढिगात मोजाल तर हाच माल साठेक घनमीटर भरेल, आणि थर जेमतेम एकोणचाळीस घनमीटरचा. माझी मूळ चूक हीच, दोन्हींना एक समजणं.

वीस एमएमच्या प्रीमिक्स कार्पेटला मात्र हे गणित लावू नका. तो उघडा थर असतो, पोकळी जास्त, त्याचं प्रमाण दहा चौरस मीटरला ०.२७ घनमीटर गिट्टी आणि १४.६ किलो डामर असं थेट ठरलेलं आहे, शिवाय वर सील कोट वेगळा. तिथे गिट्टी ढिगाच्याच मापाने मोजतात, त्यामुळे बाबांचा १.५५ तिथे चालतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "बघ, आकडा चुकीचा नव्हता, तू चुकीच्या जागी लावलास."

त्या कारखान्यात काय झालं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी उरलेला माल मागवला, प्लांट तेवढ्यासाठी पुन्हा गरम करायचे वेगळे पैसे लागले, १०५ मीटरवरची कड सरळ कापून तिला टॅक कोट लावून पुढे जोडलं. जोड अजून दिसतो. फोर्कलिफ्ट त्यावरून जाते तेव्हा टक करून आवाज येतो, आणि मी कारखान्यात गेलो की मॅनेजरसाहेब हसतात.

आता साइटवर आमची पद्धत अशी. दहा टनाचा डंपर ५ मीटर रुंदीत ४० एमएमने साधारण २० मीटर जातो, एक टनामागे दोन मीटर. प्रत्येक डंपर संपला की मेहुणे कडेला खडूने रेघ मारतात आणि पर्चीचं वजन लिहितात. पहिल्याच डंपरला रेघ १६ वर आली की थांबायचं, एकतर थर जाड जातोय किंवा खाली दोरीने सांगितलं त्यापेक्षा जास्त खड्डा आहे. २५ वर गेली तर त्याहून वाईट, पातळ जातोय, आणि ते नंतर कोअर, म्हणजे तयार थरातून गोल तुकडा कापून, काढल्यावर कळतं. पेव्हरमागे खिळा खुपसून पन्नास एमएम सुटा थर आहे का तेही बघतो, रोलरनंतर तो चाळीसवर येतो.

शेवटचा डंपर मी आधी सांगतच नाही. पाचवा-सहावा रिकामा झाला की टेप टाकून उरलेली लांबी मोजायची, तोपर्यंतच्या रेघांवरून टनामागे खरंच किती मीटर गेले ते बघायचं, त्यावरून उरलेले टन काढायचे आणि मग प्लांटला फोन. प्लांट पस्तीस मिनिटांवर असेल तर हे चालतं. मिक्स १४० डिग्रीच्या वर असेपर्यंत पसरायला हवं, त्यामुळे प्लांट दूर असेल तर हा फोन एक डंपर आधीच करावा लागतो, आणि तेव्हा मी एक टन जास्तच सांगतो. उरलेला माल कारखान्याच्या गेटपाशी खड्ड्यात जातो, मॅनेजरसाहेब त्याला आमची बक्षिसी म्हणतात.