पहिल्यांदा पासपोर्ट काढताय? माझी फाईल पोलीस व्हेरिफिकेशनला अडकली होती

स्लाइड १, पायऱ्या
साइट फक्त passportindia.gov.in, गुगलवर वर येणाऱ्या बाकीच्या साइटवर पैसे भरू नका. अकाउंट काढा, फॉर्म भरा, ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये ऑनलाइन भरा आणि सोलापूरच्या पोस्टातल्या केंद्राची तारीख घ्या. तिथं फोटो, बोटांचे ठसे, कागद तपासणी. हे सगळं सुरळीत झालं.

स्लाइड २, कागदपत्रं
आधार, जन्मतारखेचा पुरावा, दहावीचं सर्टिफिकेट. सगळे ओरिजिनल आणि सही केलेली झेरॉक्स. दहावी पास असाल तर ते सर्टिफिकेट न्याच, नाहीतर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडतो आणि काही देशांत नोकरीला जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. माझ्या आधारवर अक्कलकोट तालुक्यातल्या गावाचा पत्ता, राहतो सोलापुरात भाड्यानं, म्हणून रजिस्टर केलेला भाडेकरार नेला आणि सध्याचा पत्ता सोलापूरचाच टाकला. आधारशी जुळतो म्हणून गावचा पत्ता टाकू नका, कारण चौकशी त्याच पत्त्यावर जाते. गावचा कागद ग्रामीण पोलिसांकडं, शहरातला आयुक्तालयाकडं, आणि तुम्ही तिथं राहतच नसाल तर रिपोर्ट उलटा जातो.

स्लाइड ३, उशीर
आता खरा वैताग. स्टेटसला कायम पोलीस व्हेरिफिकेशन पेंडिंग. ठाण्यात विचारलं की 'कागद आला नाही', मग 'गड्डा यात्रेचा बंदोबस्त आहे, नंतर या'. बंदोबस्ताचं मला मान्य आहे वो, यात्रेत पोलिसांना जेवायला वेळ नसतो, पण कागद आलाय का नाही हे तरी नीट सांगावं की! शेवटी पावतीवरचा फाईल नंबर (आपल्याकडचा PN नं सुरू होतो) घेऊन आयुक्तालयात पासपोर्टचं काम बघणाऱ्यांकडं गेलो. त्यांनी रजिस्टर उघडून बोट ठेवून दाखवलं, कागद ठाण्याला कधीच गेला होता. ती तारीख सांगितल्यावर ठाण्यात गठ्ठ्यातनं माझा कागद निघाला, वर पेन्सिलनं 'घर बंद'. म्हणजे हवालदार येऊन गेलेले, मी कामावर, आणि फोन कुणी केलाच नाही! रिपोर्ट अजून पाठवला नव्हता म्हणून वाचलो. 'सापडले नाहीत' असा वर गेला असता तर पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसकडं पुन्हा व्हेरिफिकेशन मागत बसावं लागलं असतं.

म्हणून सांगतो, फाईल नंबर आणि जन्मतारीख टाकून स्टेटस बघत राहा. पुढं सरकत नसेल तर आधी आयुक्तालयात कागद कुठल्या तारखेला कुठं गेला ते विचारा, मगच ठाण्यात जा. घरमालक आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते 'आम्हाला माहीत नाही' म्हणून मोकळे होतात. आणि व्हेरिफिकेशनची वेगळी फी नसते, कुणी मागितली तरी देऊ नका, मी दिली नाही.

राहिलंच, पासपोर्ट स्पीड पोस्टनं येतो आणि पोस्टमन तो ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात देतो, तेव्हा त्या दिवसांत घराला कुलूप लावून गावी जाऊ नका.